"तूच बघ सगळं" म्हणण्याआधी

आमच्या लोहाऱ्यात एमआयडीसीमुळे दोन जास्तीच्या खोल्या असल्या की भाडेकरू मिळतोच. ओळखीच्या एका काकूंकडे अशी दोन बिऱ्हाडं होती, प्रत्येकी २,५०० रुपये भाडं. घर काकूंच्याच नावावर. त्या मुलाकडे पुण्याला गेल्या आणि जाताना पुतण्याला म्हणाल्या, "तूच बघ सगळं." वर्षानं परत येऊन पाहतात तर एक बिऱ्हाड बदललेलं, नव्याकडून १०,००० डिपॉझिट घेतलेलं, आणि कवेलू काढून टिना टाकलेल्या! त्याचे १८,००० भाड्यातून वळते केलेले. पुतण्या काही लबाड नाही हो. तो म्हणाला, "काकू, सगळं बघ असं तुम्हीच म्हटलं ना?"

मग आम्ही बसून चिठ्ठी लिहिली, ती अशी:

"माझ्या लोहारा येथील घराच्या दोन खोल्यांचे दरमहा प्रत्येकी २,५०० रुपये भाडे माझ्या वतीने घेऊन पावती देण्याचा अधिकार मी माझ्या पुतण्यास देत आहे. भाडे दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत माझ्या बँक खात्यात भरावे. महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती त्याने करावी व बिल ठेवावे. त्यापुढील खर्चास माझी लेखी संमती लागेल. नवा भाडेकरू ठेवणे, काढणे, भाडे बदलणे, डिपॉझिट घेणे, करारावर सही करणे, घर विकणे वा गहाण ठेवणे हा अधिकार त्याला नाही. हे पत्र एक वर्षासाठी आहे. त्याआधीही मी ते रद्द करू शकते."

खाली तारीख, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. स्टॅम्प किती लागतो ते तेवढं तहसीलजवळच्या अर्जनवीसाला विचारून घ्यावं.

एक गोष्ट बायका हमखास विसरतात. चिठ्ठी आपल्या कपाटात राहिली तर भाडेकरूला मर्यादा कळणार कशी? मालकिणीनंच माणूस नेमलाय असं समजून त्यानं पुतण्याच्या हाती डिपॉझिट दिलं, तर ते मिळालंच नाही असं काकूंना सहजी म्हणता येत नाही. म्हणून दोन्ही बिऱ्हाडांना प्रत दिली आणि पोच म्हणून सही घेतली. पत्र रद्द करतानाही असंच. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टप्रमाणे, भाडेकरूला रद्द झाल्याचं कळत नाही तोवर त्यानं पुतण्याकडे दिलेलं भाडं दिलेलंच धरतात. आणि मालकीण वारली की हा अधिकारही संपतो, पुढे वारसांनी नवं पत्र द्यायचं.

दुरुस्तीचा आकडा मात्र फार लहान ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर नीट ठेवणं मालकाचंच काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. भाड्याची पावती देणंही त्याच कायद्यानं बंधनकारक आहे. आम्ही पावतीपुस्तकावर "मालकिणीकरिता" असं लिहून खाली पुतण्याची सही ठेवली.

पुतण्यानं आधी तोंड वाकडं केलं, "घरच्या माणसाला कागद कशाला?" म्हणून. पावसाळ्यात मोरीचा पाइप फुटला, मिस्त्रीनं २,२०० सांगितले. तेव्हा त्यानं पाणी बंद करून आधी पुण्याला फोन लावला. काकूंनी तिथूनच मेसेजवर "कर" असं लिहून पाठवलं. तो मेसेज आणि बिल त्यानं वहीत जपून ठेवलंय.