काखेतला काळेपणा मळ नव्हे

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या भर उकाड्यात एक पंचविशीतली मुलगी आईला घेऊन दवाखान्यात आली. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता होता. "डॉक्टर, सहा महिने झाले, लिंबाची फोड साखरेत बुडवून रोज काखेत घासतेय. काखा उजळायच्या सोडून जास्तच काळ्या झाल्या," ती म्हणाली. तिला आठवडाभराची दिनचर्या विचारली. आठवड्यातून तीनदा अंघोळीच्या घाईत कोरड्याच कातडीवर रेझर, लगेच त्यावर डिओचा फवारा, मग लोकलची गर्दी, घट्ट बाह्यांचा ब्लाउज आणि रात्री लिंबू-साखर. त्या काखेला सहा महिन्यांत एक दिवस सुटी मिळाली नव्हती.

तिला मी डासाचं उदाहरण दिलं. लहान मूल डास चावलेली जागा खाजवतं, फोड जातो, पण काळा डाग महिनोन्‌महिने पायावर राहतो. मेलॅनिन हा रंग तयार करणाऱ्या पेशी कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी असतात. त्यांना जाग आणायला ऊनच लागतं असं नाही. ओरखडा, आग, पुरळ, सततचं घर्षण, कशानेही त्या जादा रंग ओतू लागतात, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत हे फार चटकन होतं. त्यात घासल्या जाणाऱ्या जागी कातडी जाडही होते. मांडी घालून बसणाऱ्याच्या घोट्याला घट्टा पडतो, त्याचीच ही सौम्य आवृत्ती. म्हणून लिंबू-साखरेने काळेपणा वाढला. मळ समजून आपण जे घासतो, ते घासणंच त्या काळेपणाचं कारण होतं.

मग तिला हात वर करायला सांगून काखेतली कातडी दोन बोटांनी ताणली. ताणल्यावर निळसर-करडे बारीक ठिपके दिसले तर ती कातडीतून दिसणारी केसांची मुळं असतात. रेझर केस वरून कापतो, मूळ आत राहतं आणि त्याची सावली पडते. ती कोणत्याही क्रीमने जात नाही. केस मुळापासून कमी केले, उदाहरणार्थ लेसरने, तरच जाते. तिच्या काखेत असे ठिपके थोडेच होते. बाकीचा तपकिरी रंग खोलगट मधल्या भागात दाटला होता आणि कडेच्या घड्या त्या मानाने स्वच्छ होत्या. ही खूण महत्त्वाची आहे. डिओतल्या सुगंधी द्रव्यांचा त्रास बहुधा मधल्या खळग्यात दिसतो, कारण फवारा तिथे बसतो. कपड्याच्या रंगाचा किंवा शिवणीचा त्रास कडेच्या घड्यांवर उमटतो आणि मधला भाग वाचतो.

पहिले चार आठवडे तिला काहीही लावायचं नाही असं सांगितलं. लिंबू बंद, घासणी बंद, डिओ बंद. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, खायच्या सोड्याचा ८ च्या वर, आणि आपल्या कातडीचा साधारण ५. दोन्ही टोकं तिला पोळवतात. सोडा 'नैसर्गिक' डिओ म्हणून विकला जातो, तरीही. घामाच्या वासासाठी सौम्य, बिनवासाचा साबण दिवसातून दोनदा पुरतो. ओली तुरटी फिरवणं पुष्कळ जणींना चालतं, पण नुकत्याच रेझर फिरवलेल्या काखेत तीही झोंबते. झोंबलं की धुऊन टाकायची. केस ट्रिमरने बारीक ठेवायचे. रेझर हवाच असेल तर अंघोळीनंतर, कातडी भिजलेली असताना, फेस लावून, नवं पातं, केस वाढतात त्याच दिशेने आणि एका जागी एकदाच. काखेतले केस तीन-चार दिशांना वाढतात, म्हणून रेझरची दिशाही बदलावी लागते. रेझर रात्री वापरायचा आणि पुढचा पूर्ण दिवस डिओ लावायचा नाही.

चार आठवड्यांनी तिची आग आणि खाज थांबली, तेव्हाच औषध सुरू केलं. ५ टक्के नायासिनमाइडचं साधं लोशन, रात्री, कोरड्या काखेत, एका बाजूला मटाराच्या दाण्याएवढं. त्याआधी तेच लोशन सात दिवस मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहायला लावलं. आणखी एका महिन्याने जाडसरपणासाठी आठवड्यातून दोन रात्री १० टक्के युरियाचं क्रीम त्यात जोडलं. काख बंद घडी आहे, तिथे औषध जास्त मुरतं. चेहऱ्याला मानवलेलं सीरम तिथे पोळू शकतं, हे मुली विसरतात. काही लावल्यावर पाच-दहा मिनिटांहून जास्त चुरचुरलं किंवा सकाळी लाली दिसली, तर ते बंदच करायचं. नाहीतर त्या आगीतून नवा काळेपणा सुरू होतो.

तिच्या मांड्यांची गोष्ट वेगळी होती. रंग कमी, पण आतल्या बाजूला हाताला खरबरीत लागायचं. ती साडी नेसून कामाला जायची. परकराच्या आत मांडीला मांडी घासते, घाम मुरतो, आणि स्टेशनचे जिने रोजचेच. यावर क्रीम फार थोडं काम करतं. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी सुती सायकलिंग शॉर्ट्स, निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि घरी आल्यावर ओले कपडे लगेच बदलणं, एवढ्याने घर्षण थांबलं. जांघेत इलॅस्टिकच्या रेषेवरच काळी पट्टी असेल तर आतल्या कपड्यांचा साइझ बदलायचा.

जांघेतला प्रत्येक डाग घर्षणाचा नसतो. गोल, कडेला उठलेला आणि खाजणारा असेल तर तो नायटा. खाज नाही, फक्त फिकट तपकिरी, बारीक कोंडा सुटणारा चट्टा असेल तर तो जंतूंचा असू शकतो. आमच्याकडच्या एका दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. या दोन्हींवर औषध आहे, पण ते विचारून घ्यायला हवं. दुकानातून आणलेली 'गोरेपणाची' किंवा 'खाजेची' ट्यूब जांघेत लावलेल्या बायका मला दर आठवड्याला भेटतात, आणि मला खरंच वाईट वाटतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. पहिले पंधरा दिवस रंग उजळतो. मग कातडी पातळ होते, नायटा पसरतो, आणि कायमचे पांढुरके चरे पडतात. ते चरे पुसायला आमच्याकडे काही नाही.

मुलीला तपासताना आई शेजारी बसली होती. तिच्या मानेच्या मागे काळी पट्टी होती. स्पर्शाला मखमलीसारखी जाड, बाजूला दोन-तीन लोंबत्या चामखिळी. काखेतही तसंच. "मी दगडाने घासते, जात नाही," ती म्हणाली. हा काळेपणा घर्षणाचा नसतो. रक्तात इन्सुलिन जास्त फिरत असलं की कातडी अशी जाड होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा पीसीओडी असलेल्या तरुण मुलींतही हे दिसतं. मान, काख आणि बोटांचे सांधे एकत्र काळवंडले असतील तर क्रीमच्या आधी रक्ताची तपासणी करावी. आईची तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.१ निघाली, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. तिला मी फिजिशियनकडे पाठवलं. साखर आणि वजन आटोक्यात आलं तर मानेवरची पट्टी हळूहळू पातळ होते.

मुलीने दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, सकाळी, फोटो काढला. वरचा थर बदलायलाच महिनाभर लागतो, म्हणून दुसऱ्या महिन्यात तिला काहीच फरक दिसेना आणि ती रडकुंडीला आली होती. चौथ्या महिन्यात कडा फिकट झाल्या, सातव्यात मधला भाग. मधोमध एक करडट छटा राहिली आहे. तिथे रंग खालच्या थरात उतरलाय, आणि तो जायला वर्षं लागतात. काही वेळा पूर्ण जातही नाही. काख आणि जांघ हाताच्या कातडीपेक्षा छटाभर सावळी असणं तर मूळचंच. या उन्हाळ्यात ती आली तेव्हा कुर्ता बिनबाह्यांचा होता, आणि तिने फोटोऐवजी आईचा साखरेचा नवा रिपोर्ट पुढे केला.