डिस्चार्ज कार्डाच्या फोटोतून तीन नोंदी

रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड मुख्यतः पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेले असते. त्यामुळे ते संक्षेपांनी भरलेले असते. घरच्यांना त्यातून आधी तीन गोष्टी हव्या असतात: आजार कोणता ठरला, घरी कधी सोडले आणि पुन्हा कधी, कशासाठी जायचे. कार्डाच्या फोटोतून या नोंदी वेगळ्या काढताना मजकूर जसाच्या तसा उचलायचा असतो. अर्थ लावायचा तो नंतर आणि वेगळ्या ओळीत.

फोटो काढताना कार्ड टेबलावर सपाट ठेवावे, चारही कोपरे दिसावेत आणि मोबाइलची सावली कागदावर पडू नये. मागची बाजूही घ्यावी, कारण फेरतपासणीच्या सूचना बहुधा शेवटी, सहीच्या जवळ असतात. फोटोतला मजकूर सॉफ्टवेअरने उतरवून घेतला, तर शेजारच्या दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात आणि दाखल झाल्याची तारीख डिस्चार्जच्या शीर्षकापुढे येऊन बसते. म्हणून उतरवलेला प्रत्येक शब्द फोटोशी ताडून पाहावा लागतो.

समजा, न्यूमोनियातून बऱ्या झालेल्या ५८ वर्षांच्या एका बाईंचे कार्ड आहे. वर डाव्या कोपऱ्यात ‘डीओए ०४/११/२०२५’ आणि उजवीकडे ‘डीओडी ०९/११/२०२५’ असे लिहिले आहे. पहिली तारीख दाखल झाल्याची, दुसरी घरी सोडल्याची. कागदाच्या तळाशी १०/११/२०२५ हीसुद्धा एक तारीख आहे, पण ती कार्ड छापल्याची आहे. भारतात आधी दिवस आणि मग महिना लिहितात, तेव्हा डिस्चार्ज ९ नोव्हेंबरचा. परदेशी पद्धतीच्या सॉफ्टवेअरने तीच तारीख ११ सप्टेंबर अशी वाचली, तर चूक सहज पकडता येते. मग दाखल तारीख ११ एप्रिल ठरते आणि न्यूमोनियासाठी रुग्णालयात पाच महिने काढल्याचे दिसते. नोव्हेंबर धरला, तर मुक्काम पाच दिवसांचा होतो आणि हिशेब जुळतो.

निदानाच्या बाबतीत चूक वेगळ्या प्रकारची होते. या कार्डावर आजारांची दोन नावे आहेत. दाखल करतानाच्या रकान्यात ‘ताप, ? डेंग्यू’ आहे आणि खाली अंतिम निदानात ‘उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया; के/सी/ओ मधुमेह’ आहे. पहिल्या नोंदीतले प्रश्नचिन्ह नुसत्या संशयाचे आहे आणि पुढे डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली आहे. ते चिन्ह गळाले, तर बाईंना डेंग्यू होऊन गेल्याची खोटी नोंद घरात कायमची राहील. म्हणून निदान ‘अंतिम निदान’ या शीर्षकाखालचेच घ्यायचे. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधीपासून असलेला आजार. तो वेगळ्या ओळीत लिहायचा.

फेरतपासणीच्या सूचनेत केव्हा, कुठे, काय घेऊन आणि कोणत्या त्रासात ताबडतोब, अशी चार उत्तरे असतात. कार्डावर एका वाक्यात लिहिले आहे: ‘एका आठवड्याने मेडिसिन ओपीडीत सीबीसी रिपोर्टसह दाखवणे’. त्याच्या खाली, कागदाच्या घडीवर, ‘सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे’ अशी दुसरी ओळ आहे. घडीची सावली पडली, तर हीच ओळ हुकते. शेवटी ‘एसओएस’ लिहून ताप आणि धाप यांचा उल्लेख आहे, म्हणजे हे त्रास झाले तर तारखेची वाट पाहायची नाही.

सगळे उतरवल्यावर कागद असा दिसतो:

निदान: उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया.
आधीचा आजार: मधुमेह.
डिस्चार्ज: ९ नोव्हेंबर २०२५.
फेरतपासणी: एका आठवड्याने, मेडिसिन ओपीडी, सीबीसी रिपोर्टसह. सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे.
ताबडतोब जावे: ताप किंवा धाप लागल्यास.
मोजून काढलेल्या तारखा: १६ नोव्हेंबर आणि २१ डिसेंबर.

मोजलेल्या तारखा वेगळ्या ठेवल्याचा उपयोग इथेच दिसतो. दोन्ही दिवस रविवार आहेत. त्या दिवशी ओपीडी बंद असेल, तर कोणत्या दिवशी यायचे हे रुग्णालयाला विचारावे लागेल. मूळ शब्द ‘एका आठवड्याने’ शाबूत असल्यामुळे तारीख बदलली तरी सूचना बदलत नाही.

एखादी बाब कार्डावर नसेल, तर तिच्यापुढे ‘कार्डावर नोंद नाही’ आणि अक्षर लागत नसेल, तर ‘वाचता येत नाही’ असे लिहावे. पहिल्या वेळी डॉक्टरांना सूचना विचारायची असते, दुसऱ्या वेळी मूळ कार्ड दाखवायचे असते. गोळ्यांचे डोस या यादीत उतरवू नयेत, कारण २.५ मधला बिंदू फोटोत पुसट झाला की २५ होतात. औषधे मूळ कार्ड समोर ठेवूनच घ्यावीत.

शेवटी एकाने कार्ड आणि दुसऱ्याने यादी हातात घेऊन प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. दोघांचे शब्द आणि आकडे जुळले की यादी पूर्ण झाली.