आधी गार करा, मग दवाखाना

उन्हाळी स्पर्धांच्या मैदानावर लावलेल्या सूचनाफलकावर सहसा तीन ओळी असतात : भरपूर पाणी प्या, टोपी घाला, त्रास झाल्यास प्रथमोपचार कक्षात या. तिन्ही सूचना बरोबर आहेत. पण खेळताना ज्याला खरोखर उष्माघात होतो, तो खेळाडू स्वतःहून त्या कक्षाकडे येत नाही. आपल्याला काही झालंय हेच त्याला कळत नसतं, कारण उष्णतेचा फटका आधी मेंदूला बसतो. म्हणून फलकावरची सर्वांत महत्त्वाची सूचना खेळाडूसाठी नसून त्याच्या प्रशिक्षकासाठी आणि सोबत्यांसाठी असायला हवी. ती सूचना अशी : आधी मैदानावरच गार करा, दवाखान्यात नंतर न्या.

याचं कारण उष्णता कुठून येते त्यात आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता घाम वाळताना निघून जाते. घाम नुसता गळून चालत नाही, तो वाळावा लागतो. हवा दमट असली, वारा पडलेला असला किंवा अंगावर पॅड-हेल्मेट असलं की घाम वाळत नाही आणि शरीर आतून तापत जातं. पाणी पिणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

म्हणूनच मोबाइलवर दिसणारं तापमान मैदानासाठी पुरेसं नाही. क्रीडावैद्यक ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ म्हणजे डब्ल्यूबीजीटी पाहतात. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाला २० टक्के आणि सावलीतल्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के महत्त्व असतं. समजा, नागपुरात हवा ४३, ओला थर्मामीटर २३ आणि काळा गोळा ५८ दाखवतोय. हिशेब येतो ३२.० अंश. अलिबागला हवा ३४, ओला थर्मामीटर २८ आणि गोळा ४६ असेल, तर हिशेब ३२.२. नागपूरचं तापमान नऊ अंशांनी जास्त, तरी धावणाऱ्याला धोका दोन्हीकडे सारखाच. फुटबॉलपटूंची जागतिक संघटना फिफप्रो या मोजणीत २६ च्या पुढे खेळ मध्येच थांबवून गार होण्याची विश्रांती आणि २८ च्या पुढे सामना पुढे ढकलणं सुचवते. हे मोजणारं हातात मावेल असं यंत्र मिळतं. मोठ्या स्पर्धेच्या आयोजकांनी ते घ्यावंच.

पण सगळी काळजी घेऊनही एखादा खेळाडू कोसळू शकतो. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर २९ मे २०१८ रोजी सरावात धावता-धावता ढासळला. त्या दिवशी हवा जेमतेम २७ अंशांच्या आसपास होती. त्याला उष्माघात झाल्याचं वेळेत ओळखलं गेलं नाही, थंड पाण्यात बुडवलं गेलं नाही, आणि मैदानातून ॲम्ब्युलन्स निघेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. १३ जूनला तो गेला. पुढे विद्यापीठाने या मृत्यूची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

याच्या उलट चित्र मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉलमथ इथल्या दरवर्षीच्या उन्हाळी शर्यतीत दिसतं. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले आणि सगळे वाचले. शेवटच्या रेषेजवळच बर्फाच्या पाण्याचे टब तयार असतात, रुग्णाला थेट त्यात बसवतात. शरीर ४०-४१ अंशांवर किती वेळ राहिलं, त्यावर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडाची हानी ठरते. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरवला, तर वाचण्याची शक्यता फार मोठी असते. रहदारीतून जाणाऱ्या गाडीत हाच अर्धा तास संपून जातो.

आता ओळखायचं कसं? समजा, पेणच्या मैदानावर दुपारचा फुटबॉल सामना चालू आहे. बचावफळीतला एक मुलगा चुकीच्या बाजूला चेंडू मारू लागतो, सोबत्यांवर विनाकारण खेकसतो, मग पाय लटपटून खाली बसतो. त्याला तीन प्रश्न विचारा : नाव काय, समोरचा संघ कोणता, स्कोअर किती? उत्तरं नीट आली, नुसती मळमळ आणि थकवा असला, तर सावलीत पाय उंच करून झोपवा, ओलं करा, घोटघोट ओआरएस द्या आणि एकटं सोडू नका. उत्तरं भलतीच आली, तो बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघातच धरा. अंग घामाने निथळत असलं तरीही. कोरडी त्वचा हे नुसतं ऊन लागलेल्या वृद्धांमधलं लक्षण; खेळाडू बहुधा ओलाच असतो. मधे काही मिनिटं तो नीट बोलू लागेल, त्याने फसू नका. कपाळाला किंवा काखेत थर्मामीटर लावून आलेल्या आकड्यावरही विसंबू नका. व्यायामानंतर तो खरा ताप लपवतो. आतला ताप गुदद्वारातूनच कळतो आणि तो मोजायला प्रशिक्षित माणूस हवा.

एकाने १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी बूट, मोजे, जर्सी काढून त्याला टबात गळ्यापर्यंत बसवायचं. काखेतून टॉवेल घालून एकाने मागून धरून ठेवायचं, म्हणजे डोकं पाण्याखाली जाणार नाही. पाणी बर्फाचं हवं आणि हाताने सतत ढवळत राहायचं, नाहीतर अंगालगतचं पाणी गरम होऊन बसतं. अशा टबात साधारण पाच मिनिटांना एक अंश ताप उतरतो. ४१.५ वरून ३९ च्या खाली यायला सुमारे तेरा मिनिटं. टब नसेल, तर खेळपट्टी झाकायची ताडपत्री घ्या, त्याला मधे झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा आणि आत पाणी नि बर्फ ओतून हलवत राहा. हे थोडं हळू चालतं, पण चालतं. ताप मोजता येत नसेल, तर पंधरा-वीस मिनिटांनी किंवा तो थरथरू लागल्यावर बाहेर काढा. दवाखान्यात जाताना त्याला ओलं ठेवा.

पॅरासिटामॉल देऊ नका, हा जंतूंचा ताप नव्हे. कांदा हुंगवण्यात, डोक्यावर पाणी शिंपडण्यात मिनिटं घालवू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आयोजकांना लागणारं सामान गावात मिळतं : एक मोठा टब, ताडपत्री, बर्फाच्या कारखान्यातली लादी आणि ती फोडून ठेवायला खोके. सामन्याआधी बर्फ आणून ठेवला नसेल, तर ऐनवेळी मिळत नाही. फलकावर पुढचा मजकूर लावावा :

१. पहिल्या एक-दोन आठवड्यांत उन्हातला सराव हळूहळू वाढवा. ताप, जुलाब होऊन गेलेल्याला खेळवू नका.

२. २६ च्या पुढे मधे विश्रांती, २८ च्या पुढे सामना नाही. यंत्र नसेल, तर सामने सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर.

३. खेळाडू विचित्र वागला की नाव, समोरचा संघ, स्कोअर विचारा.

४. उत्तर चुकलं की १०८ ला फोन आणि लगेच बर्फाचं पाणी.

५. टब आणि बर्फ : पंचांच्या टेबलामागे. आज जबाबदार व्यक्ती : ________

शेवटची ओळ रोज सकाळी एका माणसाच्या नावाने भरली गेलीच पाहिजे.