मराठीचा ‘ला’ इंग्रजी निबंधात शिरतो तेव्हा

अकरावी-बारावीच्या इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासताना शिक्षकाच्या लाल पेनाला सर्वात जास्त काम देणारे शब्द सहसा अगदी छोटे असतात : इन, ऑन, टू, फॉर, फ्रॉम, विथ. ही शब्दयोगी अव्यये वर्गात पहिल्यांदा शिकवली जातात ती जागा आणि वेळ सांगण्यासाठी. पुस्तक टेबलावर असेल तर ऑन, पेटीत असेल तर इन. तिथे डोळ्यांसमोर चित्र उभे राहते, त्यामुळे चूक कमी होते. अडचण सुरू होते ती ‘इंटरेस्टेड’, ‘डिफरंट’, ‘रिस्पॉन्सिबल’, ‘डिपेंड’ अशा शब्दांपाशी. यांच्यामागे कोणते अव्यय यायचे, ते त्या त्या शब्दानेच ठरवून टाकलेले असते. तिथे जागा नाही, वेळ नाही, चित्रही नाही.

समजा, मराठी माध्यमातून आलेल्या एका विद्यार्थ्याने ‘माझा भाऊ’ या विषयावर पुढील ओळी लिहिल्या आहेत :

‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन सायन्स. माय ब्रदर इज डिफरंट दॅन मी. ही इज गुड इन मॅथ्स. ही डिस्कसेस अबाउट क्रिकेट ऑल डे. माय फादर इज अँग्री ऑन हिम अँड सेज, “यू आर रिस्पॉन्सिबल टू युअर लो मार्क्स.”’

पहिले वाक्य अचूक आहे. पुढच्या पाचही ठिकाणी पेन थबकेल. मात्र या पाच चुका आंधळेपणाने झालेल्या नाहीत. प्रत्येक वाक्याखाली एक शुद्ध मराठी वाक्य आहे, आणि ते वाचले की चूक कुठून आली ते लगेच कळते. मला विज्ञानात रस आहे. माझा भाऊ माझ्यापेक्षा वेगळा आहे. तो गणितात हुशार आहे. तो दिवसभर क्रिकेटबद्दल चर्चा करतो. वडील त्याच्यावर रागावतात आणि म्हणतात, कमी गुणांना तूच जबाबदार आहेस.

विद्यार्थ्याने ‘-त’ला इन, ‘पेक्षा’ला दॅन, ‘बद्दल’ला अबाउट, ‘वर’ला ऑन आणि ‘ना’ला टू अशी सरळ जोडी लावली. ‘विज्ञानात’ आणि ‘इन सायन्स’ यांची वाट योगायोगाने एकच निघाली, म्हणून पहिले वाक्य बरोबर आले. ‘डिपेंड ऑन’चेही तसेच. मराठीत आपण कुणावर तरी अवलंबून असतो, म्हणून तिथे मराठी विद्यार्थी सहसा अडखळत नाही. इतरत्र मात्र इंग्रजीची वाट वेगळी आहे. एखाद्या कामातले कौशल्य सांगताना ‘गुड’मागे अ‍ॅट येते. माणसावर राग असेल तर ‘अँग्री’मागे विथ किंवा अ‍ॅट येते आणि एखाद्या गोष्टीबद्दल असेल तर अबाउट. ‘मॅरीड’बाबतही हेच होते. मराठीत लग्न कुणाशी तरी होते, म्हणून वहीत ‘मॅरीड विथ’ उतरते. इंग्रजीत ते ‘मॅरीड टू’ असते.

यांपैकी शेवटची चूक सर्वात लक्षवेधी आहे, कारण ‘रिस्पॉन्सिबल टू’ हा प्रयोग इंग्रजीत खरोखरच आहे, फक्त त्याचा अर्थ निराळा आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६४ मध्ये राज्याची मंत्रिपरिषद विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल असे म्हटले आहे, आणि इंग्रजी पाठात तिथे ‘रिस्पॉन्सिबल टू’ आहे. ज्याला जाब द्यायचा त्याच्या आधी टू, आणि ज्या कामाचा किंवा परिणामाचा जाब द्यायचा त्याच्या आधी फॉर. मराठीत ‘विधानसभेला जबाबदार’ आणि ‘अपघाताला जबाबदार’ या दोन्ही ठिकाणी तोच ‘ला’ चालतो, अर्थ संदर्भावरून कळतो. इंग्रजीला ही फोड उघड करावी लागते. त्यामुळे निबंधातल्या वडिलांच्या वाक्याचा अर्थ होतो, तू तुझ्या कमी गुणांपुढे उत्तरदायी आहेस. व्याकरणाचे वळण ओळखीचे वाटते, अर्थ मात्र भलताच होतो. म्हणूनच घाईत वाचणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतूनही अशी चूक सुटू शकते.

‘डिस्कस अबाउट’चा दोष मात्र सगळा मराठीच्या माथी मारता येत नाही. तिची दुसरी मुळी खुद्द इंग्रजीत आहे. ‘डिस्कशन’ या नामामागे अबाउट किंवा ऑन येते. ‘डिस्कस’ हे क्रियापद मात्र कर्म थेट घेते, मध्ये काही लागत नाही. नामाची सवय क्रियापदाला चिकटते आणि ‘डिस्कस अबाउट’ तयार होते. ‘एम्फसिस ऑन’वरून ‘एम्फसाइज ऑन’ आणि ‘डिमांड फॉर’वरून क्रियापदालाही फॉर जोडणे, ही त्याच घरातली भावंडे. इतर मातृभाषांच्या विद्यार्थ्यांच्या लेखनातही ‘डिस्कस अबाउट’ सर्रास आढळते, यावरूनही इंग्रजीच्या आतल्या ओढीचा अंदाज येतो.

उलट बाजूने अव्यय गळण्याच्या चुकाही होतात. मराठीत आपण गाणे ऐकतो, गाण्याला काही जोडत नाही, म्हणून ‘लिसन टू म्यूझिक’मधला टू गायब होतो. अशी चूक डोळ्यांना खटकत नाही, कारण पानावर काही चुकीचे लिहिलेले नसते, काहीतरी लिहायचे राहिलेले असते.

मग बरोबर अव्यय शोधायचे कसे? नुसता अर्थ देणारा शब्दकोश इथे उपयोगी पडत नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसोबत १९४२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक कोश सिद्ध केला. शब्द वाक्यात कसा बसतो, हे दाखवण्यावर त्याचा भर होता. पुढे तोच ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर पोचला. अशा कोशात ‘रिस्पॉन्सिबल’ पाहिले, तर अर्थासोबत फॉर आणि टू यांची वेगवेगळी उदाहरणे मिळतात. १९८६ चा ‘बीबीआय’ कोश तर कोणता शब्द कशाबरोबर जातो हे सांगण्यासाठीच तयार झाला.

कोशातून वहीत उतरवताना ‘इंटरेस्टेड म्हणजे रस असलेला’ एवढेच टिपले, तर अव्यय पुन्हा हरवते. ‘इंटरेस्टेड इन समथिंग’ असा अख्खा तुकडा टिपावा, आणि त्याखाली क्रियापद घेऊन एक वाक्य लिहावे : ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन लर्निंग तबला.’ अव्ययानंतर क्रियापद आले की ते ‘-इंग’ रूपात येते. ‘इंटरेस्टेड इन टू लर्न’ ही चूक अशा एका वाक्याने टळते. ‘लुक फॉरवर्ड टू’मागे ‘मीट’ न येता ‘मीटिंग’ येते, तेही याचमुळे : तिथला टू अव्यय आहे.

राहिला प्रश्न ‘डिफरंट’चा. इथे शिक्षकानेही जरा हात आखडता घ्यावा. ‘फ्रॉम’ सगळीकडे चालते, म्हणून विद्यार्थ्याने तेच वापरणे सुरक्षित. पण ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ रोज ऐकू येते आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ रुळलेले आहे, विशेषतः पुढे पूर्ण उपवाक्य आले तर. ‘डिफरंट’मागे टू चालतच नाही, हा समज १९२६ मध्येच एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात अंधश्रद्धा ठरवला होता. त्यामुळे ‘गुड इन मॅथ्स’ आणि ‘डिफरंट दॅन मी’ यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्याखाली रेघ ओढावी, दुसऱ्याशेजारी ‘फ्रॉम बरे’ अशी सूचना लिहावी. आणि रेघ ओढताना ती एकट्या ‘इन’खाली ओढू नये, कारण मग ‘इन’च चुकीचा असा समज होतो आणि पुढच्या निबंधात मुलगा ‘इंटरेस्टेड अ‍ॅट’ लिहून मोकळा होतो. ‘गुड इन’ हा पूर्ण तुकडा अधोरेखित केला, तर कोशात ‘इन’ऐवजी ‘गुड’ हा शब्द शोधायचा आहे हे त्याला समजते.