कपाशीच्या शेतातून निघालेले गाणे

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत यंदा संगीत मंडळ निघाले. पहिल्या सभेला पाहुणा म्हणून मलाही बोलावणे होते. शाळेचे संगीतशिक्षक ‘रॉक संगीताचा इतिहास’ या विषयावर बोलणार, असे फळ्यावर लिहिले होते. ते वाचून मागच्या बाकावरच्या दोन-तीन पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रॉक म्हणजे केस वाढवलेल्या पोरांचा धांगडधिंगा, ही आपल्यापैकी पुष्कळांची समजूत. खरे सांगायचे तर मीही मनातून फारसा उत्सुक नव्हतो.

पण सरांनी सुरुवात केली ती पराटीच्या एका बोंडापासून. “हे कुठे पिकते?” मुले हसली. हे का विचारायचे! सर म्हणाले, “आणि अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध झाले, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून साहेबाची नजर आपल्या हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. त्याच युद्धाने तिथली गुलामगिरी संपली. पण वेचणाऱ्यांच्या पाठीवरचे गाठोडे काही उतरले नाही. त्यांच्या गाण्याला ब्लूज म्हणतात. रॉक हे त्याचे लेकरू.”

मग त्यांनी पेटी पुढे ओढली. या गाण्याचे एक आवर्तन बारा खणांचे, प्रत्येक खण चार मात्रांचा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. त्यात ओळी तीनच. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचे. पहिल्या ओळीखाली पेटीवर सा-ग-प एकदम दाबायचे. तीच ओळ दुसऱ्यांदा सुरू होताना म-ध-सा. तिसरीच्या आरंभी प-नी-रे. शब्द तेच राहतात, पण खालची जमीन सरकते आणि दुःख अधिक गडद वाटू लागते. ओळ निम्म्या जागेत संपते. उरलेल्या जागेत गिटार तिला ओ देते, भजनात टाळकरी देतात तशी.

“आता शब्द तुमचे,” असे सर म्हणताच आठवीतल्या एका मुलीने क्षणभर विचार करून म्हटले, “दिसभर येचला कापूस, बोटं फाटले माय.” ओळ दुसऱ्यांदा झाली. तिसरी तिने जुळवली, “गाठोडं घातलं काट्यावर, तरी भरत नाई माय.” पालकांच्या बाकावरचे कुजबुजणे थांबले.

गाडी अडली ती टाळीपाशी. आपले कान समेला जखडलेले, त्यामुळे मुले पहिल्या मात्रेवर टाळी देत. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सरांनी एकवर पाय आपटायला आणि दोनवर टाळी द्यायला लावले. चार खण ठीक गेले, पुढे टाळी हळूच पायावर येऊन बसली. चूक ओळखण्याची खूणही त्यांनी सांगितली: पाय आणि हात एकदम वाजू लागले, की आपण घरी परतलो!

या शेतातल्या गाण्याचे रॉक झाले कसे, हे सांगताना त्यांनी एकाच माणसाचा माग काढला. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या एका कापूसमळ्यावरचा मजूर. १९४१ साली लोकगीते गोळा करणाऱ्या संशोधकांनी त्याचे गाणे मुद्रित केले. ते स्वतःच्या कानांनी ऐकले आणि आपण गवई आहोत अशी त्याची खात्री पटली. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांतल्या गलबल्यात साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. रॉकचा तो कर्कशपणा मुळात असा गरजेपोटी आला. १९५५ मध्ये चक बेरी नावाच्या तरुणाला त्यानेच आपल्या ध्वनिमुद्रिका कंपनीची वाट दाखवली, आणि त्याच वर्षी बेरीचे ‘मेबेलीन’ गाजले. दोनच वर्षांनी, १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ वाजवले!

मडी वॉटर्स गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४४ रोजी, त्याच भागातल्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे प्रात्यक्षिक झाले. (गांधीजयंतीचा दिवस, हे सेवाग्रामच्या परिसरातल्या मुलांना सांगावे लागले नाही.) चांगला मजूर तासाला वीस पौंड वेची, यंत्र हजार पौंडांपर्यंत. त्यानंतर मजुरांचे लोंढे उत्तरेच्या शहरांकडे गेले, आणि गाणेही त्यांच्याबरोबर गेले.

तोच मघाची मुलगी उभी राहिली. “सर, ते यंत्र आपल्याकडं येईन का?”

सर जरा थांबले. मग म्हणाले, “यंत्राला सगळी बोंडे एकदम फुटलेली आणि पाने गळलेली लागतात. आपली पराटी टप्प्याटप्प्याने फुटते, तीन-चार वेचण्या होतात, वावरेही लहान. म्हणून अजून हातानेच वेचतात. पण एकदम फुटणारी वाणे काढण्याचे प्रयत्न चालू आहेत.”

“मंग माय कुठं जाईन?”

याला सरांपाशी उत्तर नव्हते. त्यांनी पेटीवर सा-ग-प दाबले आणि तिला तिची पहिली ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. या खेपेला टाळी बरोबर दोनवर पडली.