शेंदरी, गुलाबी आणि एक शोधनिबंध

लासूर स्टेशनच्या आसपास, गंगापूर-वैजापूरच्या पट्ट्यात, बीएस्सीला जाणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी कापूस असतो. बोंडअळी काय करते हे त्यांना पुस्तकात वाचावे लागत नाही. अशा मुलांसाठी एखाद्या शोधनिबंधाचा मराठी गोषवारा करायचा, तर मार्च 2020 मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात आलेला केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांचा निबंध घ्यावा. क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक, तर स्टोन मानवशास्त्रज्ञ. भारतात बीटी कापूस 2002 साली आला. त्यानंतरच्या दीर्घ काळात काय झाले, हा त्यांचा विषय. निबंध समजायला फार अवघड नाही. अवघड आहे ते त्यातला प्रत्येक शब्द पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत एकाच अर्थाने मराठीत आणणे.

सुरुवात किडीच्या नावापासूनच होते. इंग्रजीत एकच नाव असलेल्या अळीला आपल्याकडे कोणी गुलाबी बोंडअळी म्हणते, कोणी शेंदरी. कृषी विभागाच्या पत्रकांतही दोन्ही नावे दिसतात. गोषवाऱ्यात एका पानावर शेंदरी आणि पुढच्यावर गुलाबी आली, की वाचणारा मुलगा दोन किडी समजतो. त्यात हिरवी बोंडअळी ही खरोखरच वेगळी कीड, आणि निबंधाचा निम्मा मुद्दा याच भेदावर उभा आहे: हिरवी अळी बीटीने अजून आटोक्यात आहे, गुलाबी सुटली आहे. म्हणून नाव एकच ठरवावे आणि दुसरे फक्त सुरुवातीला एकदा सांगून सोडून द्यावे. मी गुलाबी घेईन, कारण बाजारात तेच जास्त ऐकू येते.

पुढचा शब्द ‘यील्ड’. लासूरच्या बाजारात माणूस विचारतो, ‘यंदा उत्पन्न किती निघालं?’ आणि उत्तर मिळते, ‘एकरी सहा क्विंटल.’ सरकारी अहवालात मात्र उत्पन्न म्हणजे पैसा, उत्पादन म्हणजे देशभरातल्या एकूण गाठी आणि उत्पादकता म्हणजे हेक्टरी किती ते. गोषवारा लिहिणाऱ्याने हे तिन्ही शब्द मनाला येईल तसे वापरले, तर ‘उत्पादन वाढले’ या वाक्यातून पेरा वाढला की एकरी पीक वाढले, हे कळायला मार्ग उरत नाही. निबंधाचा वाद नेमका एकरी पिकाचाच आहे. यावर साधा उपाय असा की, हे शब्द जिथे जिथे येतील तिथे कच्च्या प्रतीच्या समासात एकक लिहावे. हेक्टरी किलो असेल तर उत्पादकता, लाख गाठी असतील तर उत्पादन, रुपये असतील तर उत्पन्न. एकक लिहिता येत नसेल, तर त्या ठिकाणी लिहिणाऱ्यालाच अर्थ लागलेला नाही असे खुशाल समजावे.

एकक लिहिले तरी एक खड्डा राहतोच. कापसाची उत्पादकता सांगताना आकडा रुईचा असतो, सरकीसकट वेचलेल्या कापसाचा नव्हे. समजा, हेक्टरी 500 किलो असा आकडा आहे. ‘लिंट’चे भाषांतर नुसते कापूस केले, तर एकरी जेमतेम 2 क्विंटल होतात. मुलगा ते घरी वाचून दाखवील आणि वडील म्हणतील, एवढ्यात वेचणीसुद्धा सुटायची नाही. खरा हिशेब असा: 100 किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. म्हणजे 500 किलो रुईला सुमारे 1470 किलो कापूस लागतो, आणि तो एकरी जवळपास 6 क्विंटल होतो. रुई, सरकी, कापूस हे तिन्ही शब्द जिनिंगवाल्यांच्या तोंडी रोजचे आहेत. कोश उघडायचीही गरज नव्हती.

‘रेझिस्टन्स’ला मात्र कोश पुरत नाही. भौतिकशास्त्रात तो रोध, आणि शाळेपासून मुलांना तोच माहीत. शेतीत कधी वाण किडीला रेझिस्टंट असतो, कधी कीड विषाला. ‘बोंडअळीची प्रतिकारक्षमता’ हे तर कसेही वाचता येते. अळीत आलेली क्षमता की अळीविरुद्ध वाणात असलेली? अर्थ थेट उलटा होतो. मी वाणासाठी ‘प्रतिकारक वाण’ एवढेच ठेवीन आणि ‘प्रतिकारक्षमता’ फक्त अळीसाठी राखून ठेवीन. तीही दरवेळी पूर्ण लिहायची: गुलाबी बोंडअळीत बीटीविरुद्ध आलेली प्रतिकारक्षमता. वाक्य लांबते, लांबू द्यावे.

प्रतिकारशक्ती हा शब्द तर इथे टाळलाच पाहिजे, आणि ‘अळीला बीटीची सवय झाली’ हे गावातले वाक्यही. प्रतिकारशक्ती एकेका जिवाच्या अंगात वाढते, सवयही एकेकालाच लागते. इथे घडले ते वेगळे. बीटीची बोंडे खाऊन बहुतेक अळ्या मेल्या, मुळातच तग धरू शकणाऱ्या थोड्या वाचल्या, आणि पुढची पिढी त्यांची झाली. आधी एका विषप्रथिनाच्या बियाण्यावर, मग 2006 साली आलेल्या दोन प्रथिनांच्या बियाण्यावरही. 2017 च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा तडाखा पाहिला.

हे नीट बसले की ‘रेफ्युज’ही उलगडतो. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळत असे; शेतकरी त्याला रेफ्युजी म्हणत, आणि ते पुष्कळदा पेरलेही जात नसे. कडेच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतले जे जास्त असेल तेवढे ते पेरायचे होते. आश्रयपीक असे भाषांतर केले, तर मुलाला वाटते की पिकाला आडोसा. आश्रय आहे तो अळीला! बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या तिथे जगाव्यात, त्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुळावेत आणि पुढच्या पिढीत ती क्षमता पातळ व्हावी, असा तो बेत. म्हणून ‘अळीचे आश्रयपीक’ लिहावे. एका षष्ठीने काम होते.

शब्दांची यादी आधी आणि लेखन नंतर, हा क्रम मराठीला नवा नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला, पण परिभाषासंग्रहाचा खंड, क्रमाने अठरावा, त्याआधीच 1973 साली छापून झाला होता. लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या हाताखाली शेकडो लेखक लिहिणार. प्रत्येकाने आपापला शब्द घडवला असता तर विश्वकोश म्हणजे बाजार झाला असता. त्याच्याही आधी, लासूर निजामाच्या राज्यात असताना, हैदराबादेत 1917 साली भाषांतराचा स्वतंत्र विभाग निघाला आणि उस्मानिया विद्यापीठासाठी उर्दूत परिभाषा घडू लागली. त्या कामात पुढे असलेले मौलवी अब्दुल हक बरीच वर्षे औरंगाबादेतच होते. आपल्या भागाला हा उद्योग तसा जुना आहे, भाषा तेवढी वेगळी होती.

1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आज चाळता येतात, आणि गोषवारा करणाऱ्याने ते आधी पाहावेतच. पण कोशात एका शब्दापुढे दोन-तीन पर्याय असतात, आणि निवड संदर्भ पाहूनच करावी लागते. काही शब्द तर शेतातच तयार असतात. गुलाबी अळी फुलात शिरून पाकळ्या आतून जाळीने बांधते आणि फूल अर्धवट मिटलेल्या गुलाबासारखे दिसते. इंग्रजीत त्याला रोझेट म्हणतात. मराठीत डोमकळी हा शब्द आहे, कृषी विद्यापीठेही तोच वापरतात. हंगाम संपल्यावर पाण्यावर राखलेल्या कापसाला फरदड म्हणतात. डोमकळी हाताशी असताना ‘गुलाबपुंजसदृश पुष्प’ घडवणाऱ्याला मी दंड लावीन.

सर्वांत जास्त गफलत मात्र नामात नाही, क्रियापदात होते. निबंध सांगतो की बीटीच्या प्रसारावरून उत्पादकतेच्या चढउताराचा अंदाज नीट लागत नाही; सुरुवातीला कीटकनाशके कमी झाली, याचा अंदाज मात्र चांगला लागतो. उत्पादकतेतली वाढ खतांच्या आणि इतर निविष्ठांच्या बदलांशी जुळते. आता रसशोषक किडी वाढल्या आहेत, गुलाबी अळी बीटीला जुमानत नाही, आणि शेतकरी बीटी येण्यापूर्वीपेक्षा फवारणीवर जास्त खर्च करतो. यातले ‘जुळते’ गोषवाऱ्यात अलगद ‘मुळे’ होते: ‘खतांमुळे उत्पादकता वाढली.’ लेखकांनी तसे म्हटलेले नाही. म्हणून शब्दयादीत नामांच्या खाली क्रियापदांचीही एक रांग करावी. दोन गोष्टी बरोबर बदलताना दिसल्या तर ‘जुळते’, लेखक अंदाज बांधत असतील तर ‘असे दिसते’, आणि ‘मुळे’ फक्त तिथे, जिथे त्यांनी कारण दाखवून दिले आहे. परिस्थिती आणखी बिघडत जाईल असे निबंधाच्या शेवटी येते, तेही ‘अशी चिन्हे आहेत’ एवढ्याच जोराने.