अपयशाचा निबंध: रडायचं किती आणि दाखवायचं काय?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना मध्येमध्ये भरकटलो होतो, ते थोडं कापलंय. सगळं नाही.

विषय एकच आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅपवरून अर्ज करताना एक मोठा निबंध लागतो. किमान २५० शब्द, कमाल ६५०. त्याच्या ७ प्रश्नांपैकी दुसरा प्रश्न साधारण असा आहे: तुमच्यापुढे एखादी अडचण आली, धक्का बसला किंवा अपयश आलं, तो प्रसंग सांगा. त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला आणि तुम्ही त्यातून काय शिकलात?

आपल्या मुलांना हा प्रश्न सोपा वाटतो, कारण शाळेत आपण यावर निबंध लिहिलेला असतो. पहिल्या ओळीत सुविचार, मधे एक गोष्ट, शेवटी ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’. दहा गुणांपैकी आठ. तीच सवय इथं आडवी येते. प्रश्न नीट वाचला तर त्यात तीन गोष्टी विचारल्यात, आणि प्रसंग ही फक्त पहिली आहे. उरलेल्या दोन तुमच्याबद्दल आहेत.

आणि कृपा करून ‘९८ टक्के हवे होते, ९४ मिळाले’ हे अपयश लिहू नका. ते अपयशाचे कपडे घातलेलं कौतुक आहे आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं. खऱ्या अपयशाची माझी खूण साधी आहे: त्यात तुमच्याशिवाय अजून कुणाचं तरी नुकसान झालं, किंवा तुम्ही जे केलंत ते सांगताना घशात थोडं अडकतं.

आता एक निबंध उघडून बघू. नाशिकमधल्या एका मुलीचा आहे. तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतोय. निबंध इंग्रजीत होता, इथं मराठीत.

प्रसंग असा. दहावीत असताना तिनं मातीतला ओलावा मोजणारं एक यंत्र बनवलं. जमिनीत दोन काट्यांचा सेन्सर, त्याला जोडलेला रिले, आणि माती कोरडी झाली की पंप आपोआप सुरू. विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं ते काकांच्या शेतावर, उन्हाळ कांद्याच्या रोपवाटिकेत बसवलं. साधारण ३ किलो बियाणं टाकलेले वाफे होते, म्हणजे एक एकराच्या लागवडीचं रोप. बसवून ती शहरात परत आली.

सातव्या दिवशी काकांचा फोन: ‘अगं, वाफे लई ओले दिसतायत.’ ती म्हणाली, ‘काका, अ‍ॅपवर कोरडं दाखवतंय. तुम्ही पंप बंद नका करू.’

झालं होतं असं की या स्वस्त सेन्सरमधून सतत वीज वाहत राहिली तर ओल्या मातीत त्याच्या काट्यांवरचा धातूचा थर झिजतो. थर झिजला की विजेला होणारा अडथळा वाढतो आणि यंत्राला वाटतं माती कोरडी आहे. मग पंप चालूच. अती पाण्यानं रोपांना मर लागली. काकांनी शेवटी शेजारच्या गावातून रोप विकत घेऊन लागवड केली.

गोष्ट भारी आहे. तरी तिचा पहिला मसुदा बेकार होता, आणि का ते बघण्यासारखं आहे.

पहिला मसुदा ६४० शब्दांचा. त्यातले साधारण ३०० यंत्र आणि बक्षीस यांवर. २५० सेन्सर का बिघडला याच्या शास्त्रावर. उरलेल्या ९० मध्ये ‘या अनुभवाने मला नम्रता शिकवली, मी अधिक चिकाटीची झाले’. काकांचा फोन त्यात नव्हताच! मी विचारलं, ‘रोपं मेली हे तुला कधी कळलं?’ तेव्हा बोलता बोलता फोनचं निघालं, आणि ती एकदम गप्प झाली. म्हणजे बघा, निबंधात अपयश सेन्सरचं होतं. खरं अपयश वेगळं होतं: ज्या माणसाचे पाय त्या वाफ्यात होते त्याच्यापेक्षा तिनं स्क्रीनवर विश्वास ठेवला. सेन्सर झिजणं हा अपघात. ‘पंप बंद नका करू’ हा तिचा निर्णय.

स्वतःला उघडं करणं म्हणतात ते एवढंच. तुम्ही घेतलेला निर्णय, तुमच्याच शब्दांत, स्पष्टीकरणाचं पांघरूण न घालता. दोन ओळींचं काम आहे.

पण ती दुसऱ्या टोकाला गेली. दुसऱ्या मसुद्यात अर्ध्याहून जास्त जागा अपराधीपणाची. रात्रभर रडले, काकांच्या नजरेला नजर देता येईना, मी वाईट पुतणी आहे, वगैरे. खोटं नव्हतं ते. पण वाचणारा माणूस अशा वेळी तुम्हाला धीर द्यायला बघतो, आणि त्याला तर ठरवायचं असतं की ही मुलगी आमच्या वर्गात, प्रयोगशाळेत, हॉस्टेलमध्ये कशी वागेल. आणखी एक: इतक्या रडण्यानंतर शेवटी ‘आता मी बदलले’ आलं की ते चिकटवल्यासारखं वाटतं, कारण मधे काही घडलेलंच नसतं. जखम अजून ओली असेल तर दुसरा प्रसंग निवडा, असं मी सरळ सांगतो. ज्या गोष्टीनंतर तुम्ही अजून काहीच केलेलं नाही, तिच्यावर निबंधाचा दुसरा अर्धा भाग उभा राहत नाही.

हिच्याकडे मात्र दुसरा अर्धा भाग होता. तिला तो सांगण्यासारखा वाटत नव्हता, एवढंच.

मी तिला एक काम दिलं. वाढ दाखवणारी सगळी विशेषणं खोड: नम्र, चिकाटीची, परिपक्व. मग उरलेल्या पानावर फक्त क्रियापदं शोध. त्या फोननंतरच्या वर्षात तू काय *केलंस*? तारखा लाव.

निघालं ते असं. पुढच्या दिवाळीत ती परत गेली. या वेळी आधी यंत्र नाही, वही. रोज सकाळी काका मातीची मूठ दाबून बघतात. गोळा टिकला तर पाणी नको, भुगा झाला तर द्यायचं. १६ दिवस तिनं काकांचा अंदाज आणि सेन्सरचा आकडा शेजारी शेजारी लिहिले. ४ दिवस दोघांचं जुळलं नाही. खणून बघितलं तेव्हा ३ दा काका बरोबर होते आणि एकदा सेन्सर, कारण वरची माती ओली आणि खालची कोरडी होती. मग तिनं सेन्सर बदलला, धातू उघडा नसलेला घेतला, आणि त्याला फक्त मोजताना क्षणभर वीज दिली. सगळ्यात मोठा बदल म्हणजे रिले काढून टाकला. आता यंत्र पंप चालू करत नाही. काकांना मेसेज पाठवतं, पंपाचं बटण काकांच्या हातात.

ती एकदा सेन्सर बरोबर निघाल्याची नोंद तिला काढून टाकायची होती. ‘काकांचा मान राहत नाही त्यात.’ मी म्हटलं, तीच ठेव. ती नसती तर निबंध ‘जुनी माणसं शहाणी, तंत्रज्ञान वाईट’ असा झाला असता, आणि असले निबंध पोतंभर येत असणार. ती असल्यामुळे कळतं की ही मुलगी दोन पुरावे शेजारी ठेवून बघायला शिकलीय. वाढ दिसते ती इथं, आणि त्या परिच्छेदात ‘शिकले’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

शेवटच्या मसुद्याची वाटणी: रोपवाटिका आणि फोन १८० शब्द, यंत्र आणि बक्षीस मिळून ४०, रोपं मेल्यावरचे दिवस १३०, पुढचं वर्ष २५०. वरचे ४५ शेवटाला. शेवटी तिनं लिहिलं की काकांनी रोपाच्या पैशांचा विषय कधी काढला नाही आणि तिलाही अजून काढता आलेला नाही. म्हणजे सगळं मिटलेलं नाही. मला तो शेवट आवडला. तिच्या आईला नाही. ‘हे कशाला सांगायचं परक्यांना?’ यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी मधे पडलो नाही, निबंध तिचा होता. तिनं ती ओळ ठेवली.

एक चाचणी घरी करता येईल. निबंधाचा पहिला अर्धा भाग हातानं झाका आणि उरलेला मित्राला वाचायला द्या. तुम्ही काय वेगळं करताय हे त्याला सांगता आलं पाहिजे. ‘तू खूप मॅच्युअर झालास असं दिसतंय’ एवढंच तो म्हणाला, तर अजून विशेषणंच आहेत. मग उलटं करा, दुसरा भाग झाका. पहिल्या भागात चूक कुणाची दिसते? सर, गटातला आळशी मुलगा, नेटवर्क असं उत्तर आलं तर तुमचा निर्णय अजून पांघरुणाखाली आहे.

एपिसोडनंतर दोन प्रश्न सारखे आले, म्हणून इथंच सांगतो.

घरातलं आजारपण, वडिलांची नोकरी जाणं, त्यामुळे अकरावीत मार्क पडले, हे या निबंधात लिहायचं का? बहुतेक वेळा नको. ती परिस्थिती आहे, अपयश नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये परिस्थिती आणि जादा माहिती सांगायला वेगळी जागा आहे. तिथं चार-पाच सरळ वाक्यांत, तारखांसकट लिहा. निबंधाची जागा वाचते.

आणि हाच निबंध इंग्लंडला चालेल का? नाही. यूकॅसच्या अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी ३ प्रश्न आहेत, सगळे मिळून ४,००० अक्षरं, शब्द नव्हेत. त्यांना मुख्यतः हवं असतं की हाच विषय का आणि त्यासाठी तुम्ही काय तयारी केलीत. या मुलीनं तिथं शेती अभियांत्रिकीसाठी अर्ज करताना फोन, काका, रडणं सगळं काढलं. वही ठेवली, १६ दिवसांची, ४ न जुळलेल्या नोंदींसकट.

पुढच्या वेळी शिफारसपत्रावर बोलू. सरांना ते कधी आणि कसं मागायचं, हे विचारणारे मेसेज बरेच साठलेत.